हरवलेली बॅग एक, दावे दोन : एक इंग्रजी पत्र आणि त्याची स्पॅनिश प्रत

आज मी एका पत्राबद्दल बोलणार आहे. पत्र दीड पानाचं, इंग्रजीत, विमान कंपनीला लिहिलेलं. विषय, चेक-इन केलेली बॅग बंगळुरूला पोहोचली नाही. त्याच पत्राची एक स्पॅनिश प्रत केली होती, कारण त्या बॅगेत माझ्याबरोबर प्रवास करणाऱ्या एका स्पॅनिश सहकारी बाईंचंही सामान होतं. विमान कंपनीचं नाव मी घेणार नाही, कारण मुद्दा त्या कंपनीचा नाही. असं पत्र कुठल्याही कंपनीला लिहावं लागू शकतं.

आधी प्रसंग थोडक्यात सांगते. मार्च 2025. माझं तिकीट बंगळुरू–माद्रिद–बंगळुरू असं परतीचं. सहकारी बाईंचं माद्रिद–बंगळुरू–माद्रिद. माद्रिदहून इकडे येताना आम्ही दोघी एकाच विमानात, शेजारशेजारच्या सीटवर होतो. मधे एका ठिकाणी विमान बदलायचं होतं. माद्रिदच्या काउंटरवर त्यांच्या बॅगेचं वजन 23 किलोच्या वर गेलं, म्हणून त्यांनी सहा किलो सामान माझ्या बॅगेत ठेवलं. आपण सगळेच हे करतो. मुंबई–लंडन विमानात लोणच्याच्या बरण्या या बॅगेतून त्या बॅगेत कशा जातात ते तुम्हाला ठाऊकच आहे. 4 मार्चला आम्ही केंपेगौडा विमानतळाच्या टर्मिनल दोनवर उतरलो. त्यांची बॅग आली. माझी आली नाही.

पट्टा थांबला की पहिलं काम असतं तिथल्या तिथे, बाहेर पडण्याआधी, सामानाच्या काउंटरवर नोंद करण्याचं. या नोंदीला प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे पीआयआर म्हणतात. त्यावर दहा अक्षरांचा क्रमांक येतो, `BLRXX10234` अशा धर्तीचा. पहिली तीन अक्षरं विमानतळाची, पुढची दोन कंपनीची, मग पाच आकडे. कागदावर रंग, आकार, चाकं यांची खूणगाठ असते आणि बॅगेच्या चिठ्ठीवरचा दहा आकडी क्रमांक असतो. ती चिठ्ठी बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेली असते. ती फेकू नका. परदेशातून येत असाल तर आणखी एक काम त्याच हॉलमध्ये उरकायचं: बॅग मागे राहिल्याचा कंपनीचा दाखला घेऊन त्यावर कस्टम्सची सही घ्यायची, आणि करमाफीची किती सवलत वापरायची राहिली ते त्यावर लिहून घ्यायचं. बॅग नंतर एकटी आली तर ती सवलत या कागदावर मिळते.

इथे पुष्कळ लोक थांबतात. पीआयआर झाला, म्हणजे तक्रार झाली, असं त्यांना वाटतं. पीआयआर म्हणजे शोध घ्या अशी सूचना. त्यात कुणी काही मागितलेलं नसतं. मागणी वेगळ्या पत्रात करायची, आणि त्या पत्राला मुदत असते.

ही मुदत येते 1999च्या माँट्रियल करारातून. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात सामान हरवलं, उशिरा आलं किंवा मोडलं तर जबाबदारी कशी ठरवायची ते या करारात आहे. भारतात तो 2009 पासून लागू आहे, आपल्या 1972च्या कॅरेज बाय एअर कायद्यामार्फत. स्पेनही त्यात आहे. करारानुसार सामान मोडून आलं तर हातात पडल्यापासून सात दिवसांत लेखी तक्रार करायची. उशिरा आलं तर हातात पडल्यापासून 21 दिवसांत. आणि यायच्या तारखेपासून 21 दिवस उलटूनही आलं नाही, किंवा कंपनीने त्याआधीच कबूल केलं, तर ते हरवलं असं धरून हक्क सांगता येतो. हे दिवस कॅलेंडरचे, कामाचे नव्हेत. करारात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. आमच्या 21 दिवसांत चार रविवार नाही तरी तीन आले, धुळवड आली. सगळे मोजले गेले.

म्हणून आम्ही दोन पत्रं केली. पहिलं 7 मार्चला, चार ओळींचं. बॅग अजून आलेली नाही, पीआयआर क्रमांक हा, तात्पुरत्या खरेदीच्या पावत्या आम्ही ठेवत आहोत आणि तो खर्च मागणार आहोत. दुसरं 26 मार्चला, बाविसाव्या दिवशी. आज बोलायचं आहे ते या दुसऱ्या पत्राबद्दल. तोवर सहकारी बाई माद्रिदला परतल्या होत्या.

आता त्यांना स्पॅनिश प्रत कशाला हवी? त्यांना इंग्रजी चांगलं येतं. कंपनीचा दावे पाहणारा विभाग इंग्रजीतच काम करतो. मग स्पॅनिश प्रत म्हणजे नुसता शिष्टाचार का? तसं नाही. कारण आहे आमच्या तिकिटांमध्ये. करारानुसार दावा कुठल्या न्यायालयात करायचा याचे मोजके पर्याय आहेत: कंपनीचं ठिकाण, तिचा मुख्य कारभार जिथे चालतो ते ठिकाण, तिच्या ज्या कार्यालयातून तिकीट घेतलं ते ठिकाण, किंवा प्रवासाचं गंतव्य. परतीच्या तिकिटाचं गंतव्य कुठलं? अनेक देशांतल्या न्यायालयांनी एकच उत्तर दिलं आहे: जाणं-येणं मिळून एक प्रवास, आणि त्याचं गंतव्य म्हणजे जिथून निघालो तेच ठिकाण. म्हणजे माझं गंतव्य बंगळुरू, आणि त्याच विमानात, शेजारच्या सीटवर बसलेल्या बाईंचं गंतव्य माद्रिद. बॅग एक, पण मला बंगळुरूच्या ग्राहक आयोगात जाता येतं आणि त्यांना स्पेनच्या न्यायालयात. तिथे परभाषेतला कागद दाखल करायचा तर स्पॅनिश भाषांतर जोडावं लागतं. ते खासगी भाषांतर असलं तरी चालतं. समोरच्या पक्षाने त्यावर हरकत घेतली तर मात्र शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घ्यावं लागतं. तेव्हा प्रत अशी हवी की हरकत घ्यायला जागाच राहू नये. शिवाय त्यांचा प्रवास विमा स्पेनमधला. विमा कंपनीलाही पत्र आणि वस्तूंची यादी स्पॅनिशमध्ये हवी होती.

आता पत्र. मूळ इंग्रजी होतं, त्याचा गाभा मराठीत सांगते.

"खाली सही करणाऱ्या आम्ही दोघी 3 मार्च 2025 रोजी माद्रिदहून निघून 4 मार्चला बंगळुरू येथे पोहोचलो. चेक-इन केलेल्या बॅगेची चिठ्ठी पहिल्या सही करणारीच्या नावावर असून क्रमांक असा आहे. पीआयआर क्रमांक असा आहे. बॅग 4 मार्च रोजी पोहोचायला हवी होती. आज 26 मार्च, 21 दिवस पूर्ण झाले आहेत व बॅग मिळालेली नाही. माँट्रियल कराराच्या कलम 17 नुसार आम्ही ती हरवली असे धरून नुकसानभरपाईचा दावा करत आहोत. बॅगेत दोघींचे सामान होते. पहिल्या सही करणारीच्या वस्तू यादी 'अ' मध्ये, किंमत 88,000 रुपये. दुसऱ्या सही करणारीच्या वस्तू यादी 'ब' मध्ये, किंमत 870 युरो. तात्पुरत्या खरेदीचा खर्च 11,300 रुपये. अभौतिक हानीपोटी 300 युरो. दोघींचे दावे स्वतंत्र असून प्रत्येकीला प्रवासाच्या तारखेला लागू असलेली कलम 22ची मर्यादा स्वतंत्रपणे लागू होते. रक्कम खालील दोन वेगळ्या खात्यांत जमा करावी. 30 दिवसांत लेखी उत्तर द्यावे."

एवढंच. त्यात संताप नाही. काउंटरवर कोण उर्मट बोललं ते नाही. फोनवर पाऊण तास गाणं ऐकावं लागलं तेही नाही. आपल्याकडच्या इंग्रजीतलं ते लाडकं 'काइंडली डू द नीडफुल'ही नाही. त्यातून काय करावं हे समोरच्याला कळत नाही आणि स्पॅनिशमध्ये तर त्याचं काही होतच नाही.

त्यातलं एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: 'दोघींचे दावे स्वतंत्र'. याची गरज आकड्यांनी समजेल. करारातली सामानाची मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून 1519 एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड यांच्या मिश्रणातून ठरणारं; त्याचा दर रोज जाहीर होतो. तेव्हा एका एसडीआरला सुमारे 115 रुपये पडत होते, म्हणजे मर्यादा झाली पावणेदोन लाखांच्या आसपास. आमचा दोघींचा मिळून दावा दोन लाखांच्या थोडा वर जात होता. बॅग एका नावावर, म्हणून मर्यादा एक, असं धरलं तर वरची रक्कम गेली. त्याहून वाईट म्हणजे बाईंचा हक्कच राहत नव्हता. 'माझ्या बॅगेत मैत्रिणीचंही काही सामान होतं' असं मी लिहिलं असतं तर कागदोपत्री त्या फक्त उल्लेखात राहिल्या असत्या, दावेदार म्हणून नव्हे.

मर्यादेचा आकडा पत्रात न घालता 'प्रवासाच्या तारखेला लागू असलेली' असं का लिहिलं तेही सांगते. करारातला आकडा दर काही वर्षांनी बदलतो: मूळ 1000 होता, मग 1131, मग 1288, आता 1519. आपल्याकडे तो सरकारी अधिसूचनेतून लागू होतो. आपण जुना आकडा लिहिला तर समोरचा तोच धरून बसतो. आणि हे सगळं आंतरराष्ट्रीय प्रवासाचं. पुणे–बंगळुरू विमानात बॅग गेली तर हिशोब वेगळा, तिथली मर्यादा माणशी 20,000 रुपये.

एका नावाच्या बॅगेवर दुसऱ्याला दावा करता येतो का, हा प्रश्न युरोपीय न्यायालयापर्यंत गेलेला आहे. खटला सी-410/11, निकाल 22 नोव्हेंबर 2012. एक स्पॅनिश कुटुंब, चार माणसं, 2008च्या ऑगस्टमध्ये इबेरियाच्या विमानाने बार्सिलोनाहून पॅरिसला गेलं. चौघांचं सामान दोन बॅगांत होतं. दोन्ही हरवल्या. कुटुंबाने चौघांच्या चार मर्यादा मागितल्या, त्या वेळच्या हिशोबाने 4000 एसडीआर. बार्सिलोनाच्या न्यायालयाने युरोपीय न्यायालयाला विचारलं की चिठ्ठी ज्याच्या नावावर नाही त्याला दावा करता येतो का. उत्तर आलं, करता येतो. मर्यादा 'प्रत्येक प्रवाशाला' आहे, प्रत्येक चिठ्ठीला नाही. मात्र आपल्या वस्तू दुसऱ्याच्या नावाच्या बॅगेत खरोखर होत्या हे प्रवाशानेच सिद्ध करायचं. आणि ते तपासताना, ही माणसं एकाच कुटुंबातली आहेत, तिकिटं एकत्र काढली आहेत, प्रवास एकत्र केला आहे, या गोष्टी न्यायालयाला विचारात घेता येतात.

आता आमच्या बाजूने बघा. आम्ही कुटुंब नाही. तिकिटं वेगवेगळी, वेगवेगळ्या देशांत काढलेली. उरला फक्त एकत्र प्रवास. त्यामुळे पुरावा इतर गोष्टींतून उभा करावा लागला. दोघींच्या बोर्डिंग पासवर शेजारचे सीट क्रमांक होते. बॅगांच्या चिठ्ठ्यांचे क्रमांक लागोपाठचे होते, म्हणजे एकाच काउंटरवर, एकापाठोपाठ चेक-इन झालं होतं. माद्रिदच्या काउंटरसमोर दोन्ही बॅगा उघड्या असतानाचा एक फोटो होता, बाईंनी घरी गंमत म्हणून पाठवलेला. त्यात त्यांचे डोंगरात चालायचे बूट माझ्या बॅगेत दिसत होते. त्या गमतीच्या फोटोवर आमची निम्मी केस उभी होती.

आणखी एक बारीक गोष्ट. तक्रार कुणी करायची याबद्दल करारात शब्द आहेत, ज्याला सामान ताब्यात घेण्याचा अधिकार आहे त्या व्यक्तीने. तो अधिकार चिठ्ठीमुळे माझा. म्हणून नुसती त्यांची सही असती तर कंपनीने तिथेच बोट ठेवलं असतं, आणि नुसती माझी असती तर त्यांचा दावा बुडाला असता. दोघींच्या सह्या त्यासाठी. त्या माद्रिदला होत्या, त्यांनी सही करून स्कॅन पाठवली, मूळ कागद मागाहून आला.

आता स्पॅनिश प्रतीकडे येते. मी भाषांतराचं काम करते, त्यामुळे या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माँट्रियल करार सहा भाषांत समान अधिकृत आहे: इंग्रजी, अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. म्हणजे स्पॅनिश पाठ हा इंग्रजीचा अनुवाद नव्हे, तोही मूळच. आपल्या पत्रातली कायद्याची प्रत्येक संज्ञा स्पॅनिशमध्ये नेताना आपलं डोकं चालवायचं नाही, कोशही उघडायचा नाही. कराराचं तेच कलम स्पॅनिशमध्ये उघडायचं आणि तिथे जो शब्द आहे तो उचलायचा.

कोश उघडला तर काय होतं? 'कम्प्लेंट' शब्दाला कोशात 'केखा' मिळतो. स्पेनमध्ये 'केखा' म्हणजे नाराजी कळवणं; सेवा आवडली नाही, लक्ष द्या. पैसे मागायचे असतील तर शब्द 'रेक्लामासिओन'. आणि कराराच्या कलम 31 मध्ये मुदतीत करायच्या लेखी तक्रारीला तिसराच शब्द आहे, 'प्रोतेस्ता'. इंग्रजी पत्राचा मथळा 'कम्प्लेंट' आणि प्रतीचा 'केखा' असता, तर बाईंच्या हातात नाराजीचं पत्र उरलं असतं. आम्ही मथळ्यात 'रेक्लामासिओन' घातला आणि पहिल्याच परिच्छेदात कलम 31चा 'प्रोतेस्ता' वापरला.

दुसरी अडचण 'डॅमेज' या शब्दाची. इंग्रजी पाठात हा एकच शब्द दोन कामं करतो. बॅगेचं चाक तुटलं तेही डॅमेज, आणि बॅग हरवल्यामुळे माझं जे झालं तेही डॅमेज. स्पॅनिश पाठ हे वेगळं करतो: वस्तूची मोडतोड म्हणजे 'आवेरिआ', आणि माणसाला सोसावं लागलेलं ते 'दान्यो'. गंमत अशी की मराठीलाही हा फरक सहज येतो, मोडतोड आणि नुकसान. आपण मराठीतून विचार केला असता तर चुकलो नसतो. अडचण इंग्रजीतून जाताना होते. आमच्या पत्रात सगळीकडे 'दान्यो' हवा होता, कारण मोडतोडीचा दावाच नव्हता. एका ठिकाणी जरी 'आवेरिआ' पडला असता तर कंपनीला म्हणता आलं असतं की हा मोडतोडीचा दावा आहे आणि त्याची मुदत सात दिवसांची.

चेक-इन केलेली बॅग म्हणजे 'एकिपाखे फाक्तुरादो'. 'फाक्तुरा' म्हणजे बिल, त्यामुळे नवशिका तिथे अडखळतो. पण स्पेनमध्ये हाच रोजचा शब्द आहे आणि करारातही तोच. एसडीआरला 'देरेचोस एस्पेसिआलेस दे खिरो'. पीआयआरला स्पेनच्या विमानतळांवर 'पार्ते दे इर्रेगुलारिदाद दे एकिपाखे' म्हणतात. आद्याक्षरं मात्र तीच जमत नाहीत.

मग एक छोटा शब्द आहे, 'सु'. स्पॅनिशमध्ये 'सु' म्हणजे त्याचं, तिचं, त्यांचं आणि आदरार्थी तुमचंही. कंपनीला लिहिलेल्या पत्रात 'सु एकिपाखे' लिहिलं तर सामान बाईंचं की कंपनीचं? आणि आमच्या पत्रात तर कुणाची वस्तू कुणाची हाच सगळा प्रश्न. त्यामुळे प्रतीत 'सु' एकदाही येऊ दिला नाही. दर वेळी पूर्ण लिहिलं: पहिल्या सही करणारीचं, दुसऱ्या सही करणारीचं. वाचायला कंटाळवाणं होतं, पण चालेल.

आकडे हा आणखी एक सापळा. स्पेनमध्ये हजाराच्या जागी टिंब आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम वापरायची पद्धत आहे. आपण 1,519 लिहिलं तर तिथला माणूस दीड समजू शकतो. उलट आपल्या पद्धतीचं 1,20,000 तर तिथे कुणालाच कळणार नाही. प्रतीत आकडे विरामचिन्हांशिवाय लिहिले, आणि प्रत्येक रक्कम पुढे अक्षरी. तारखांना महिन्याचं नाव अक्षरात. किंमती ज्या चलनात घेतल्या त्याच चलनात ठेवल्या. बुटांची पावती युरोची तर यादीतही युरो. रुपयात बदलून लिहिलं असतं तर दोन प्रतींत दोन दर आणि दोन बेरजा झाल्या असत्या.

प्रतीच्या डोक्यावर एक ओळ होती: '26 मार्च 2025 रोजी पाठवलेल्या इंग्रजी पत्राची स्पॅनिश प्रत, तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य.' परिच्छेदांना दोन्हीकडे तेच क्रमांक. कंपनीने उद्या 'परिच्छेद चारमध्ये' असं लिहिलं तर माद्रिदला बसलेल्या माणसाला तो लगेच सापडायला हवा.

यादी 'ब' मधली एक नोंद आमच्यात वादाची झाली. बाईंच्या सामानात त्यांच्या आजीच्या हातची पाककृतींची वही होती. इथल्या एका मैत्रिणीला दाखवायला आणलेली. पावती असण्याचा प्रश्नच नाही. बाजारात तिची किंमत शून्य. त्यांचं म्हणणं, वहीचे पाचशे युरो लावा. मी म्हटलं, यादीत वस्तूची किंमत म्हणून ती रक्कम टाकली तर पावती मागतील, आणि एका नोंदीवर संशय आला की पूर्ण यादी संशयात जाते. मार्ग दुसरा आहे. 6 मे 2010 रोजी युरोपीय न्यायालयाने खटला सी-63/09 मध्ये सांगितलं की सामानाची मर्यादा भौतिक आणि अभौतिक अशा दोन्ही हानींना मिळून आहे. तिथेही बार्सिलोनाहून निघालेला एक प्रवासी होता. त्याने 2,700 युरो वस्तूंचे आणि 500 युरो मनस्तापाचे मागितले होते. या निकालाचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यायचा: मनस्ताप मागता येतो, पण त्याला मर्यादेच्या वर वेगळी जागा नाही. म्हणून वही यादीत ठेवली, किंमतीच्या रकान्यात रेघ मारली, आणि 'दान्यो मोराल' म्हणून 300 युरो वेगळे मागितले. वही नेमकी कशी होती, कुणाची, किती वर्षांची, हे तीन वाक्यांत लिहिलं. पत्रातला तेवढाच परिच्छेद त्यांनी आधी स्पॅनिशमध्ये लिहिला आणि मी त्याचं इंग्रजी केलं.

पत्र तीन मार्गांनी गेलं. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या अर्जातून, कारण तिथे नोंद क्रमांक मिळतो. ईमेलने. आणि बंगळुरूच्या कार्यालयाला पोचपावतीसह स्पीड पोस्टने. संकेतस्थळाच्या अर्जात किती अक्षरं बसतात याला मर्यादा असते, तेव्हा पत्र पीडीएफ करून जोडायचं आणि पाठवल्यावर पडद्याचा फोटो काढून ठेवायचा. आमच्या प्रवासात दोन कंपन्यांची विमानं होती. अशा वेळी पहिल्या कंपनीकडे, शेवटच्या कंपनीकडे किंवा जिच्याकडे बॅग हरवली तिच्याकडे मागणी करता येते. बॅग नेमकी कुठे हरवली ते आपल्याला कळत नाही, म्हणून शेवटची धरली, जिने पीआयआर केला होता.

एप्रिलच्या मध्याला उत्तर आलं, अपेक्षेप्रमाणे: बॅग एका प्रवाशाच्या नावावर आहे, मर्यादा एकच, रक्कम त्याच प्रवाशाला देऊ. आम्ही पाच ओळींत उत्तर दिलं. कलम 22 मधले 'प्रत्येक प्रवासी' हे शब्द, खटल्याचा क्रमांक, फोटो, लागोपाठच्या चिठ्ठ्या. युरोपीय न्यायालयाचा निकाल भारतातल्या आयोगाला बांधील नाही हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत असणार. पण दुसरा दावा माद्रिदला चालू शकतो आणि तिथे तो निकाल बांधील आहे, हेही पत्रात लिहिलं, आणि सोबत स्पॅनिश प्रत जोडली. तिकडे 2,000 युरोंपर्यंतचा दावा वकिलाशिवाय दाखल करता येतो, एवढं एक वाक्य बाईंनी स्वतः वाढवलं.

जूनमध्ये दोन वेगळे दावे मान्य झाले. वापरलेल्या वस्तू म्हणून घसारा कापला: मला 88,000 पैकी 61,000 रुपये, बाईंना 870 पैकी 640 युरो. घसारा कापणं गैर नाही, मर्यादा ही कमाल रक्कम आहे, आपोआप मिळणारी नव्हे; यावरही युरोपीय न्यायालयाचा 2020चा निकाल आहे. तात्पुरत्या खरेदीचे 11,300 रुपये पूर्ण मिळाले, कारण प्रत्येक पावतीवर तारीख 4 मार्चनंतरची होती आणि त्यात कपडे, चपला आणि औषधं याखेरीज काही नव्हतं. वहीचे 300 युरो नाकारले. रक्कम स्वीकारताना कंपनीने एक कागद सही करायला पाठवला होता, त्यात 'सर्व दाव्यांच्या पूर्ण समाधानार्थ' असं होतं. मी माझ्यापुरती सही केली. बाईंनी ते शब्द खोडून 'वस्तू व खर्च यांपोटी' असं लिहिलं आणि मग सही केली. कंपनीने तो कागद तसाच स्वीकारला.

दावा न्यायालयात नेण्याची मुदत करारानुसार दोन वर्षं. सावध हिशोब बंगळुरूला उतरलो त्या तारखेपासूनचा, म्हणजे 4 मार्च 2027 पर्यंत. माद्रिदला त्यांच्या घरी एका फाइलमध्ये सध्या चार कागद आहेत: बोर्डिंग पास, पीआयआर, खोडलेली ती पावती आणि आमच्या पत्राची स्पॅनिश प्रत. वहीसाठी जायचं की नाही ते अजून त्यांनी ठरवलेलं नाही.